ग्रुपवरच्या गप्पांचं निमंत्रण कसं करू? खिंडसी, आठ दिवस उरलेत

मनीषनगरची · शुक्रवार 9 जानेवारी, रात्री 9:40

मंडळी, मदत हवी आहे. आमचं ऑफिस हिंगणा एमआयडीसीत. मी खरं तर बिलिंगला आहे, पण मराठी बरं आहे म्हणून असली कामं माझ्या गळ्यात पडतात. आमच्या विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस पार्टी-पार्टी चाललं होतं. आज साहेब म्हणाले, "ते सगळं वाचून एक व्यवस्थित निमंत्रण तयार करा. कार्यक्रमाची रूपरेषा, स्थळ, सगळं पाहिजे. मुंबईच्या ऑफिसलाही एक प्रत जाईल. सोमवारी द्या."

गप्पांचा मासला खाली देतेय. नावं काढून अ, ब, क केलंय. हे सगळं मंगळवारचं, म्हणजे 6 तारखेचं.

अ : अबे, डिसेंबर असाच गेला. पार्टी कधी देऊन राहिले साहेब?
ब : पुढच्या शनिवारी काढू न मस्त. खिंडसी.
क : (अंगठा)
ड : सावजी पाह्यजे. बाकी मले काई मालूम नाई.
ई : मी शनिवारी खात नाही बे.
ब : तुह्यासाठी पाटोडी सांगू.
फ : संक्रांत होऊ द्या आधी. घरी वाण-बिण राहते.
ग : बायकापोरं आणायची का?
ब : आणा न भाऊ, कोण नाही म्हणते.
ह : माझी गाडी आहे, चार जण बसतात.
अ : फायनल! खिंडसी. सकाळी लवकर निघू, संध्याकाळी वापस. गडावर पण जाऊ.
क : बसायची सोय?
साहेब : छान कल्पना. खर्चाचं पाहून घेऊ.

पुढे वीसेक अंगठे आणि तीन नाचणारी अस्वलं.

मी लिहिलेलं असं होतं : "सर्वांना कळविण्यात येते की पुढील शनिवारी खिंडसी तलाव येथे विभागाचा स्नेहमेळावा संपन्न होणार आहे. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे." साहेबांनी परत पाठवलं. म्हणे, हे निमंत्रण आहे की नोटीस? कुठं चुकलं?

---

तर्रीपोहे · रात्री 9:58

सोपं आहे. ग्रुपवर पोल टाक. तारीख, जागा, व्हेज-नॉनव्हेज, तीन पोल. रात्रीतून उत्तर मिळते. एवढा विचार कायले करून राहिली?

---

मनीषनगरची · रात्री 10:05

तारखेचा पोल टाकला होता. 10, 17 आणि 24. 19 जणांनी 17 ला मत दिलं, 16 जणांनी 24 ला. ग्रुपमध्ये माणसं 34.

---

तर्रीपोहे · रात्री 10:07

19 आणि 16 म्हणजे 35! भूत आहे का ग्रुपमध्ये?

---

निशिगंध · रात्री 10:15

भूत नाही. व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये एकाहून जास्त पर्याय निवडता येतात, ते आपण बंद केलं नाही तर सुरूच असतं. दोन्ही तारखांना "हो" म्हणणारे म्हणजे "कधीही चालेल, मला विचारू नका" असे लोक. पोलमधून कल कळतो, पण कोण नक्की येणार ते कळत नाही.

---

जुना_हेडक्लार्क · रात्री 10:31

36 वर्षं शासकीय सेवा झाली, म्हणून दोन शब्द. पुढील शनिवार वगैरे भाषा लेखी कागदावर कधीही नसावी. वार, तारीख, सन, तिन्ही लिहावेत. उत्तर कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडे द्यायचे हेही लिहावे. मसुदा असा करा :

"विषय : विभागीय सहल आयोजनाबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सक्षम प्राधिकाऱ्यांच्या मान्यतेने दि. 17/01/2026 रोजी मौजे खिंडसी येथे एकदिवसीय सहल आयोजित करण्यात आलेली असून सर्व संबंधितांनी विहित वेळेत उपस्थित राहण्याची दक्षता घ्यावी."

---

निशिगंध · रात्री 10:40

काका, तारखेबद्दलचं आणि उत्तराच्या मुदतीचं शंभर टक्के पटलं. पण "दक्षता घ्यावी" वाचून मला जेवायला जायचीच भीती वाटेल. तिच्या साहेबांची तक्रार हीच आहे. "कळविण्यात येते" म्हणजे आदेश. निमंत्रणात बोलावणारा माणूस दिसायला हवा, आणि कर्मणी प्रयोगात तो गायब होतो. "आम्ही सहल काढत आहोत, आपण यावे" एवढं साधं पुरतं.

आणि मूळ धागाकर्तीसाठी : "संपन्न होणार आहे" नको. जे पार पडलं ते संपन्न झालं. व्हायचं आहे ते "होणार आहे".

---

वर्धारोडची_मावशी · रात्री 11:02

अगं पण पौष चालू आहे ना? 18 ला अमावस्या. आदल्या दिवशी कार्य कशाला ठेवता? आमच्या पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिका आम्ही माघ लागल्यावरच वाटायला काढणार. छापायच्या असतील तर महालात चांगले लोक आहेत, गणपतीचं चित्र फुकट टाकून देतात.

---

मनीषनगरची · रात्री 11:06

मावशी, लग्न नाही हो. ऑफिसची सहल आहे. पोहे आणि बोटिंग. :)

---

वर्धारोडची_मावशी · रात्री 11:09

मग चालते. पण पाण्याजवळ जाताय, जपून.

---

वाढपी_बुवा · शनिवार 10 जानेवारी, सकाळी 7:20

मी नागपुरात कंपन्यांच्या सहली, सेमिनार, मेळावे लावून देतो. वीसेक वर्षं झाली. तुमच्यासारख्या गप्पा दर आठवड्याला माझ्याकडे स्क्रीनशॉट होऊन येतात. भाषा तुम्हाला येतेच. गोची अशी झाली की गप्पांमध्ये निर्णय झालेत असं तुम्ही धरून चाललात.

मी अशा गप्पा वाचतो तेव्हा समोर कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडतो : ठरलेलं, नुसतं म्हटलेलं, आणि कोणी बोललंच नाही ते. ठरलेल्यात एखादी गोष्ट घालायची तर दोन प्रश्न विचारायचे. हे म्हणणाऱ्याच्या हातात ते ठरवणं आहे का? आणि म्हटल्यानंतर प्रत्यक्ष काही घडलं का? म्हणजे पैसे गेले, जागा धरली, कोणी रजा टाकली, असं काहीतरी. या चाळणीतून तुमच्या गप्पा काढा. ठरलेल्याच्या रकान्यात एकही ओळ राहत नाही. "फायनल!" हा शब्द अ ने उच्चारला, त्यामागे काहीच झालेलं नाही. बायकापोरं आणा असं ब म्हणाला, पण खर्च ब करणार नाही. साहेबांनी "पाहून घेऊ" म्हटलं, तो होकारही नाही आणि नकारही नाही.

आता म्हटलेलं. पुढचा शनिवार : मंगळवारी 6 तारखेला बोललेला. काहींना तो 10 वाटतो, काहींना 17. फ ने "संक्रांत होऊ द्या" म्हटलं, संक्रांत बुधवारी 14 ला, म्हणून 17 कडे कल झुकला. पण ते तुम्ही जुळवलं, त्यांनी ठरवलं नाही. खिंडसी : तलाव आहे तो, केवढा मोठा. तलाव हे स्थळ होत नाही. ज्या फाटकाशी माणूस उभा राहून "पोचलो" म्हणू शकतो ते स्थळ. सावजी : ड ला पाहिजे, ई शनिवार पाळतो. म्हणजे दोन स्वयंपाक, आणि कोणाचा कोणता ते नावानिशी लागेल. ह ची गाडी : त्याने देऊ केली, पण निमंत्रणात त्याचं नाव आणि नंबर घालायचा तर त्याला विचारून. तो पेट्रोल धरून बोलला की तसंच, तेही. गड : अ ने ओघात टाकलं.

कोणीच न बोललेलं सगळ्यात महागात पडतं. पैसे कोणाचे? गाडी कुठून सुटणार? ग्रुपमध्ये नसलेल्या लोकांचं काय? आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना बोलवायचं आहे का? ग्रुपची यादी म्हणजे निमंत्रितांची यादी नव्हे. आधी ही चार उत्तरं आणा, मग लिहायला बसू.

अंगठ्यांबद्दल एक. क चा अंगठा तारखेला होता, खिंडसीला होता की नुसत्या कल्पनेला? त्यालाही आठवणार नाही. अंगठे मोजू नका, फोन करा.

---

बुटीबोरीकर · सकाळी 9:12

बुवा म्हणतात ते स्थळाचं माझ्यावर बेतलंय. आमच्या कंपनीचं वार्षिक जेवण होतं एका लॉनवर. ग्रुपवर नुसतं लॉनचं नाव. त्याच नावाची दोन लॉन शहराच्या दोन टोकांना, एक काटोल रोडवर, एक वर्धा रोडवर. मालक एकच. निम्मी माणसं काटोल रोडला गेली, आणि तिथेही कोणाचं तरी रिसेप्शन होतं. आमचे दोघे तिथं जेवूनसुद्धा आले! वर तो डिसेंबर, हिवाळी अधिवेशन चालू, सिव्हिल लाइन्सकडून येणारे रस्ते बंद. इकडून तिकडं जायला तास गेला.

तेव्हापासून मी स्थळ लिहिताना रस्ता, ओळखीची खूण आणि नकाशाची लिंक, तिन्ही टाकतो. लिंक स्वतः दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहतो.

---

तर्रीपोहे · सकाळी 9:20

जेवूनसुद्धा आले हे बेस्ट आहे.

---

मनीषनगरची · दुपारी 4:45

अर्धा दिवस फोन केले. बुवांची चार उत्तरं आणलीत.

पैसे : साहेबांनी मान्य केलं. बस, नाश्ता, जेवण विभागाकडून. बोटिंगचं तिकीट ज्याचं त्याने.

माणसं : ग्रुपमध्ये 34. त्यातले दोघं नोकरी सोडून गेलेत पण ग्रुपमध्ये आहेत. एक ट्रान्सपोर्टवाले. उरले 31. ग्रुपमध्ये नसलेले तिघं : दोन सुरक्षारक्षक आणि साफसफाईच्या ताई. त्यांचं मला सुचलंच नव्हतं, लाज वाटली. मिळून 34 च झाले, पण वेगळे 34! त्यातले 24 नक्की येतो म्हणाले, चौघांचा नकार, सहा जणांचं "सांगतो".

कुटुंब : साहेब म्हणाले, यंदा फक्त स्टाफ. ग ला मी आधीच "बहुतेक हो" सांगून बसले होते. त्याच्या पोराने म्हणे बोटीचं चित्र काढून ठेवलंय. आता हे निमंत्रणात कसं लिहू? "कुटुंबीयांना प्रवेश नाही" फार वाईट दिसतं.

जागा : तलावाच्या काठचं एक रिसॉर्ट. फोनवर "हो हो, ठेवतो" म्हणाले.

---

वाढपी_बुवा · संध्याकाळी 6:10

"हो हो, ठेवतो" हे अजून दुसऱ्याच रकान्यात आहे, ताई. 17 च्या पुढच्या आठवड्यात 26 ची जोडून सुट्टी आहे, सोमवार येतो. तेव्हा त्यांच्याकडे गर्दी. तुमची 17 त्यांनी चुकून 24 लिहिली तरी ते शनिवारच म्हणतील. अॅडव्हान्स पाठवा आणि पावतीवर तारीख, माणसं, जेवणाचे प्रकार लिहून घ्या. पावती हातात आल्याशिवाय निमंत्रणात स्थळाची ओळ लिहू नका. बाकी मसुदा तयार ठेवा, ती ओळ मोकळी सोडा.

नकारार्थी वाक्य टाळायचं तर कोणासाठी आहे तेवढं सांगायचं : "हा कार्यक्रम विभागातील सहकाऱ्यांसाठी आहे." वाचणाऱ्याला कळतं. पण ग ला हे कागदावरून कळू देऊ नका. तुम्ही एकदा हो म्हटलंय, तर आधी स्वतः फोन करा.

आता रूपरेषा. लोक सकाळपासून पुढे लिहीत जातात आणि संध्याकाळी अडकतात. मी शेवटाकडून मागे येतो. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो. अंधार पडायच्या आत बस काठावरून हलली पाहिजे, म्हणजे 5 ला निघणं. पाचला निघायचं तर बसमध्ये चढा म्हणून हाका पावणेपाचला. त्याआधी सगळे एका जागी गोळा झालेले हवेत, आणि माणसं गोळा होतात चहाला. म्हणून सव्वाचारला चहा, तिथेच फोटो. उजेडही तेव्हा चांगला असतो. बोटिंग त्याच्या आधी, तीनपासून. जेवण पाऊणला. पाऊण ते तीन मोकळं सोडा. सावजी जेवल्यावर कोणी खेळत नाही, तो वेळ झाडाखाली जातो.

साहेब बोलणार असतील ना? त्यांना जेवणाच्या आधी अर्धा तास ठेवा. नाश्त्याआधी ठेवलं तर उशिरा आलेले ऐकत नाहीत, जेवणानंतर ठेवलं तर आलेलेही ऐकत नाहीत.

सकाळी : ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठी, कन्हान, मनसर करत खिंडसीला सव्वा ते दीड तास धरा, बस आहे. साडेनऊला नाश्ता हवा तर आठला ऑटोमोटिव्ह चौक सोडला पाहिजे. आणि या हिशोबात गड बसत नाही. चढणं, दर्शन, सगळ्यांना परत गोळा करणं, दीड तास कुठेच जात नाही. एक तर बोटिंग ठेवा, नाही तर गड. "वेळ मिळाल्यास गड" असं लिहिलं तर दिवसभर दहा जण तेवढंच विचारत राहतील.

---

जुना_हेडक्लार्क · संध्याकाळी 6:40

रामटेकला जाऊन गडावर न जाणे मला पटत नाही. कालिदास स्मारकही तिथेच आहे. पण हिशोब बरोबर आहे.

---

तर्रीपोहे · संध्याकाळी 6:52

8 ला निघायचं तर 7:30 लिही. आपल्याकडे अर्धा तास असाच जाते.

---

वाढपी_बुवा · संध्याकाळी 7:05

हेच करू नका. एकदा कळलं की कागदावरची वेळ खोटी असते, मग सगळ्याच वेळा खोट्या होतात. जेवणाची वेळसुद्धा. "बस सुटेल 8:00" असं लिहा, "जमण्याची वेळ" वगैरे नको. आणि त्या दिवशी सोडा 8 ला. एक जण मागे राहतो, ह च्या गाडीतून येतो. पुढच्या वर्षी सगळे वेळेवर.

---

सदरचा_बाब्या · संध्याकाळी 7:30

क चा मुद्दा कोणी घेतलाच नाही. बसायची सोय! :)

---

निशिगंध · संध्याकाळी 7:41

तो मुद्दा निमंत्रणात येतच नाही. मुंबईला प्रत जाणार आहे.

---

सदरचा_बाब्या · संध्याकाळी 7:44

म्हणजे न लिहिता करायचं?

---

बुटीबोरीकर · संध्याकाळी 8:02

न करता लिहायचं. "कार्यक्रम मद्यविरहित आहे" अशी स्पष्ट ओळ टाका. कंपनीची बस, तलाव, बोटी. काही झालं तर पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही सांगितलं होतं का.

---

निशिगंध · संध्याकाळी 8:10

पोह्याच्या शेजारी ती ओळ वाचून ज्या ताई कधी सहलीला आल्या नाहीत त्या पहिल्यांदा घाबरतील. सस्नेह निमंत्रण म्हणायचं आणि खाली तंबी द्यायची? हे साहेबांनी क ला आणि त्याच्या दोन मित्रांना तोंडी सांगावं.

---

वाढपी_बुवा · संध्याकाळी 8:25

मी दोन्ही केलंय. मोठ्या कंपन्या लिहायला लावतात. लहान विभागात तोंडी भागतं. साहेबांना विचारा, सही त्यांची आहे.

---

मनीषनगरची · रविवार 11 जानेवारी, रात्री 8:30

पावती आली. त्यावर खरंच 24 तारीख होती! बुवा, तुमच्या पाया पडते. दुरुस्त करून घेतली. सहा "सांगतो"पैकी चार येतात, म्हणजे 28. बस 32 सीटची. ग शी बोलले. थोडा हिरमुसला, पण येतोय. हा मसुदा बघा. रिसॉर्टचं नाव इथं देत नाही.

सस्नेह निमंत्रण

प्रिय सहकारी,
नव्या वर्षाच्या निमित्ताने आपल्या विभागाची एक दिवसाची सहल आम्ही काढत आहोत. आपण अवश्य यावे.

दिनांक : शनिवार, 17 जानेवारी 2026
स्थळ : … रिसॉर्ट, खिंडसी तलाव, रामटेक, जि. नागपूर. रामटेककडून येताना रस्त्यावर कमान लागते, तिथून आत. नकाशा सोबत जोडला आहे.
बस सुटण्याच्या वेळा : छत्रपती चौक मेट्रो स्थानक 7:15, झिरो माईल 7:35, ऑटोमोटिव्ह चौक 8:00

सकाळी 9:30 : नाश्ता, तर्री पोहे आणि चहा
10:30 : सांघिक खेळ
दुपारी 12:15 : विभागप्रमुखांचे मनोगत, तिळगूळ
12:45 : जेवण, नंतर मोकळा वेळ
3:00 : नौकाविहार
4:15 : चहा आणि सर्वांचा एकत्र फोटो
5:00 : परतीचा प्रवास. छत्रपती चौकात साधारण 7:15 ला पोहोचू.

जेवण शाकाहारी आणि सावजी मांसाहारी असे दोन्ही आहे, दोन्हींची मांडणी वेगळी असेल. येणार की नाही आणि कोणते जेवण, हे गुरुवार 15 जानेवारी दुपारी 12 पर्यंत कळवावे. नौकाविहाराचे तिकीट ज्याचे त्याने काढायचे आहे, बाकी खर्च विभागाचा. हा कार्यक्रम विभागातील सहकाऱ्यांसाठी आहे.

आपला स्नेहांकित,
(विभागप्रमुखांचे नाव)
संपर्क : (माझा नंबर)

---

निशिगंध · रात्री 8:52

छान झालंय. "नौकाविहार" काढ, "बोटिंग" लिही. तुमच्या ऑफिसात कोणी "मी नौकाविहाराला चाललो" म्हणतं का?

---

जुना_हेडक्लार्क · रात्री 9:00

नौकाविहार राहू द्यावा. निमंत्रणाला एक भारदस्तपणा असतो.

---

वाढपी_बुवा · रात्री 9:15

ते तुम्ही ठरवा. मला दोन ठिकाणी अडलं. "कळवावे" कोणाला, कसं? खाली नंबर आहे, पण ग्रुपवर उत्तरं आली तर परत तोच गोंधळ. "खालील क्रमांकावर वैयक्तिक संदेश पाठवून कळवावे" असं करा. दुसरं, ई-मेलबरोबर कॅलेंडरचं निमंत्रण पाठवणार असाल तर त्यात सुरुवात 7:15 टाका, 9:30 नाही. मोबाइल त्या वेळेच्या आधी वाजतो. 9:30 टाकलं तर छत्रपती चौकातला माणूस उठेल तेव्हा बस कन्हानला असेल.

उद्या काही बदललं तर नवीन कागद पाठवू नका. त्याच कागदावर वर "सुधारित" लिहा आणि पहिल्याच ओळीत काय बदललं ते. नाही तर दोन्ही प्रती फिरतात, आणि ज्याला जी सोयीची तो ती वाचतो.

सुरक्षारक्षकांना आणि ताईंना छापील प्रत हातात द्या. साहेबांनी दिली तर उत्तमच.

---

मनीषनगरची · सोमवार 12 जानेवारी, दुपारी 2:10

गेलं एकदाचं! बोटिंगच ठेवलं, काका माफ करा. मद्याची ओळ साहेबांनी घालू दिली नाही, म्हणाले मी बोलतो. अजून बोललेले दिसत नाहीत, क खूश आहे. ताईंना प्रत दिली तर त्यांनी विचारलं, "मी बी चढू का बसमध्ये?"

पण नवीनच भानगड. मी ई-मेल केला 34 जणांना. साहेबांनी उत्साहात तीच प्रत ग्रुपवर टाकली. नोकरी सोडून गेलेल्या दोघांपैकी एकाने लगेच लिहिलं, "वा, आठवण ठेवली! मी येतो. सावजी." आणि त्याला दहा अंगठे. आता?

---

सदरचा_बाब्या · दुपारी 2:18

ट्रान्सपोर्टवाले पण येतील पाहा.

---

निशिगंध · दुपारी 2:25

"प्रिय सहकारी" लिहिलंय. तो माजी सहकारी. कागदावर तर बोट ठेवता येतं.

---

तर्रीपोहे · दुपारी 2:31

दहा अंगठे पडल्यावर कागद कोण पाहते? 28 चे 29 झाले, बसमध्ये 32 सीट आहेत. साहेबाले सांग, त्याचं बोटिंगचं तिकीट त्याले काढू दे. आणि रिसॉर्टले आत्ताच फोन लाव, सावजी एक वाढवा म्हणून.

---

वाढपी_बुवा · दुपारी 2:50

फोन लावा, पण त्यांना 30 सांगा. दुसरा अजून ऑनलाइन आलेला नाही.